गुऱ्हाळाचे लेबल आणि चटणीचे लेबल: फ्रीलान्सिंगमध्ये फसलेले एक काम आणि जमलेले एक काम

प्रश्न: "तू कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून डिझाइनची कामे स्वतंत्रपणे घेतेस. पुढच्या शुक्रवारी मंडळात थोडा वेळ बोलशील का? फ्रीलान्सिंगमध्ये तुझे काय जमले, काय फसले आणि पैसे खरोखर किती सुटले, एवढेच आम्हाला हवे आहे." (मंडळाची सचिव)

मित्रमैत्रिणींनो,

मी छापील वस्तूंची मांडणी करून देते: लेबले, पाकिटे, माहितीपत्रके आणि क्वचित एखादा लोगो. तीन वर्षांतल्या सगळ्या कामांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा मी दोनच कामे उलगडून सांगणार आहे. दोन्ही कामे खाद्यपदार्थांच्या लेबलांची होती, दोन्हीकडचे ग्राहक सरळ माणसे होती आणि माझ्या हातातले कौशल्यही दोन्ही वेळी जवळजवळ सारखेच होते. तरीही पहिल्या कामात मला खिशातले शंभर रुपये घालावे लागले आणि दुसऱ्या कामात खर्च वजा जाता तासाला साडेतीनशेच्या वर सुटले.

पहिले काम करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळमालकांचे होते. ते वडिलांच्या ओळखीचे, त्यामुळे मी त्यांना काका म्हणते. तोवर ते गुळाचे तीस किलोचे आणि दहा किलोचे रवे मार्केट यार्डात अडत्याकडे घालत असत. त्या हंगामात पहिल्यांदाच त्यांना एक किलोची ढेप खोक्यात घालून, आपल्या नावाने, शहरातल्या दुकानांत ठेवायची होती. लोगो, खोक्यावर चिकटवायचे लेबल आणि व्हिजिटिंग कार्ड मिळून किती घेशील, असे त्यांनी विचारले आणि मी जागच्या जागी ३,५०० रुपये सांगितले. या आकड्यामागे कसलाही हिशोब नव्हता. माझ्या एका मैत्रिणीने लोगोचे दीड हजार घेतल्याचे ऐकले होते, त्यावर मी अंदाजाने भर टाकली. वडिलांच्या वयाच्या माणसाकडे आगाऊ पैसे कसे मागायचे, या संकोचापायी तो विषयही मी काढला नाही.

काम सुरू असताना मी वेळ मोजला नव्हता. नंतर व्हॉट्सॲपवरच्या संदेशांच्या वेळा आणि संगणकावर साठवलेल्या फायलींच्या वेळा जुळवून तो काढला. लोगोला १४ तास, लेबल आणि कार्डाच्या मूळ मांडणीला ११ तास, दुरुस्त्यांना १६ तास आणि छापखान्याच्या फेऱ्यांना ५ तास, असे एकूण ४६ तास झाले. सगळे पैसे सुखरूप हाती आले असते तरी तो दर तासाला ७६ रुपये पडला असता.

यातले दुरुस्त्यांचे १६ तास नीट पाहण्यासारखे आहेत. एकूण अकरा वेळा बदल झाले, पण ते एका माणसाने सांगितलेले नव्हते. काकांना ऊस ठळक हवा होता, त्यांच्या मुलाला ऊस जुनाट वाटत होता, पुण्याच्या जावयांना इंग्रजी नाव वर हवे होते आणि अडत्यांचे म्हणणे होते की ग्राहक गुळाचा रंग पाहतो, तेव्हा चित्र गुळाचेच असावे. यातले प्रत्येक मत योग्य होते. मात्र पाचव्या वेळी घातलेला ऊस सातव्या वेळी काढला गेला आणि नवव्या वेळी परत आला. शेवटचा शब्द कोणाचा, हे मी विचारलेच नव्हते, त्यामुळे जो शेवटी बोलेल त्याचा शब्द शेवटचा ठरत गेला.

खरे नुकसान छपाईत झाले. काकांनी २,००० स्टिकर छापून घेतले. दर नगाला १ रुपया ८० पैसे होता, म्हणजे ३,६०० रुपयांचे काम. गठ्ठा सोडला तेव्हा दोन चुका दिसल्या.

पहिली चूक 'गुऱ्हाळ' या शब्दातच होती. तुम्ही मराठीत काम करणार असाल, तर ती समजून घ्या, कारण ती कुठल्याही छापखान्यात होऊ शकते. मी युनिकोड टंकात मजकूर लिहिला होता आणि छापखान्याला खुली, म्हणजे मजकूर बदलता येईल अशी फाइल दिली होती. तिथल्या संगणकावर तो टंक नव्हता. आपल्याकडे अनेक छापखान्यांत अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांवर काम चालते. त्या टंकांत अक्षरांची सांकेतिक मांडणी वेगळी असते, त्यामुळे युनिकोडमधला मजकूर तिकडे नेताना तो रूपांतरित करावा लागतो. त्या रूपांतरात अर्धा 'ऱ' हमखास अडकतो. 'ऱ्हा' मधला आडवा र जाऊन 'ह' च्या डोक्यावर रफार बसला आणि 'गुऱ्हाळ' चे 'गुर्हाळ' झाले. छापखान्यातल्या मुलाने घाईत तेवढे पाहिले नाही आणि मी कागदावरचा नमुना मागितलाच नव्हता. माझ्या पडद्यावर सगळे बरोबर दिसत होते, तेच छापून येईल असे मी गृहीत धरले.

यावरचा उपाय साधा आहे. अंतिम फाइलची एक प्रत करायची, त्या प्रतीतील सगळी अक्षरे आकृत्यांत बदलायची आणि मग पीडीएफ काढून द्यायची. छापखान्यात याला 'कर्व्ह करून द्या' असे म्हणतात. मी मोफत मिळणारे इंकस्केप वापरते, त्यात ही आज्ञा `Path > Object to Path` अशी दिसते. एकदा अक्षर आकृती झाले की समोरच्या संगणकावर टंक असो वा नसो, ते मोडत नाही. मात्र त्यानंतर त्या प्रतीत मजकूर बदलता येत नाही, म्हणून मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी लागते. तपासताना ओळी वाचण्याऐवजी मी आता जोडाक्षरे शोधते: ऱ्या, ऱ्ह, द्ध, र्म, श्र. यातली पाचही नीट उमटली असतील तर बाकीची मोडण्याची शक्यता कमी असते.

दुसरी चूक अन्नसुरक्षा नोंदणीच्या क्रमांकात होती. खाद्यपदार्थाच्या वेष्टणावर छापायचा हा क्रमांक चौदा आकडी असतो. आमच्या लेबलावर तेराच आकडे होते. काकांनी तो मला फोनवर सांगितला होता आणि मी वहीत उतरवून घेतला होता. क्रमांकात मध्ये ओळीने शून्ये होती, त्यातले एक गळले. ते त्यांच्या बोलण्यात गळले की माझ्या लिहिण्यात, हे आजही सांगता येत नाही. काका रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "पोरी, मी सांगितलेला आकडा तू परत वाचून दाखवला न्हवतास व्हय?" मी वाचून दाखवला नव्हता.

शब्द फिरवून वाद घालण्याला अर्थ नव्हता. कोणी काय सांगितले, याचा लेखी पुरावा दोघांकडेही नव्हता आणि लेबल तर माझ्या हातून गेले होते. फेरछपाईचे ३,६०० रुपये मी दिले. काकांनी ठरलेले ३,५०० रुपये मला दिले. ४६ तासांनंतरचा माझा हिशोब उणे १०० रुपये असा बंद झाला.

यानंतर मी काढलेला पहिला निष्कर्षही चुकीचा होता, आणि आपल्यापैकी बरेच जण तोच काढतात, म्हणून तो सांगते. मला वाटले की दर कमी होता. पुढच्या दोन कामांना मी प्रत्येकी ६,००० रुपये सांगितले आणि ते मिळालेही. पण त्यातल्या एका कामाला मी यावेळी घड्याळ लावून पाहिले, तेव्हा ४४ तास झाले होते, म्हणजे तासाला १३६ रुपये. दर वाढवल्यावर ग्राहकाच्या अपेक्षाही वाढल्या, बदल पूर्वीप्रमाणेच चालू राहिले आणि शेवटचे पैसे महिनाभर लांबले. गळती दरात नसून काम कुठे सुरू होते, कुठे संपते आणि मान्यता कोण देते हे न ठरवण्यात आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

त्यानंतर मी एक पानी कागद तयार केला. त्याला मी 'कामाचा कागद' म्हणते. तो मराठीत आहे, त्यात कायद्याची भाषा नाही, आणि काम सुरू करण्याआधी ग्राहकाने तो वाचून व्हॉट्सॲपवर होकार द्यावा, एवढीच अपेक्षा असते. आपल्याकडे करार तोंडीही होतो आणि संदेशांतूनही होतो, पण संदेश नंतर दाखवता येतो. हा कागद प्रत्यक्षात कसा उपयोगी पडला, ते दुसऱ्या कामातून सांगते.

दुसरे काम राधानगरी तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचे होते. कांदा-लसूण मसाल्याची, म्हणजे आपण ज्याला नुसतीच चटणी म्हणतो तिची, २०० ग्रॅम आणि ५०० ग्रॅम अशी दोन पाकिटे त्यांना दुकानांत द्यायची होती. लोगो त्यांच्याकडे होता. गटात दहा जणी, म्हणजे दहा मते. मी पहिल्याच भेटीत गटाच्या अध्यक्षा मावशींना म्हणाले, "मावशी, तुम्ही दहाजणी मिळून हवे तेवढे बदल सुचवा, पण ते मला एकाच यादीत आणि एकाच फोनवरून येऊ द्यात." त्यांनी सचिव ताईंचा नंबर दिला आणि तोच कागदावर लिहिला गेला.

कागदात काम मोजून लिहिले होते: दोन आकारांची दोन लेबले, प्रत्येकाची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये, पुढची आणि मागची बाजू. दर ६,५०० रुपये. निम्मे, म्हणजे ३,२५० रुपये काम सुरू होण्याआधी आणि उरलेले छपाईची फाइल देण्याआधी. दरात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरलेल्या होत्या. फेरी म्हणजे एक यादी, मग तिच्यात तीन बदल असोत की पंधरा. ठरलेल्या घटकांची जागा, रंग, आकार किंवा शब्द बदलणे ही दुरुस्ती, आणि जे आधी नव्हतेच ते आणणे हे नवे काम, त्याचा दर वेगळा. हा फरक कागदावर नसेल तर नंतर तोंडी समजावता येत नाही, कारण ग्राहकाच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी 'जरा बदल' याच सदरात मोडतात.

लेबलावरचा सगळा मजकूर ग्राहकाने लेखी द्यायचा, ही त्यातली पुढची अट. गुळाच्या कामाने मला ती शिकवली. मी फोनवरून किंवा बोलण्यातून एकही शब्द उतरवून घेत नाही. नोंदणी क्रमांकासाठी प्रमाणपत्राचा फोटो मागते आणि त्यावरून आकडे मोजते. पाकीटबंद मालावर उत्पादकाचे नाव-पत्ता, मालाचे नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, उत्पादनाचा किंवा पॅकिंगचा महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. वजन एक किलोपेक्षा कमी असेल तर ग्रॅममागची किंमतही लागते. मावशींच्या २०० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ९० रुपये होती, म्हणून 'प्रति ग्रॅम ₹०.४५' आणि ५०० ग्रॅमचे पाकीट २१० रुपयांना, म्हणून 'प्रति ग्रॅम ₹०.४२'. ही ओळ त्यांना ठाऊक नव्हती. मी ती सुचवली, पण छापायचा मजकूर त्यांच्याकडूनच लेखी घेतला. गटातल्या एकीला 'सेंद्रिय' हा शब्दही हवा होता. दुकानांतून विकायच्या मालावर तो लिहायचा तर सेंद्रिय प्रमाणपत्र असावे लागते आणि ते त्यांच्याकडे नव्हते, म्हणून तो शब्द आला नाही. आपण कायद्याचे सल्लागार नसतो, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. तरीही लेबले करणाऱ्याला एवढे माहीत नसेल, तर त्याच्या सुंदर मांडणीचा गठ्ठा दुकानदार परत पाठवू शकतो.

पहिल्या यादीत नऊ बदल आले, दुसरीत तीन. त्यानंतर दोन दिवसांनी सचिव ताईंचा संदेश आला की एका बाजूला उखळ-मुसळाचे चित्र घातले तर बरे दिसेल. पूर्वी मी ते रात्री बसून काढून दिले असते आणि मनातल्या मनात कुढत राहिले असते. या वेळी मी कागदातल्या ओळीचा आधार घेऊन कळवले की हे नवे चित्र आहे, त्याचे ६०० रुपये आणि दोन दिवस लागतील, हवे असल्यास लगेच सुरू करते. त्यांनी आपसात विचार केला आणि चित्र नको असे कळवले. त्यात कोणाचाही मान दुखावला गेला नाही. बदलाला किंमत असली की तो खरोखर हवा आहे का, हे ग्राहक स्वतःच तपासतो.

छपाईआधी मी छापखान्यात जाऊन दोन्ही लेबलांचा कागदावरचा नमुना काढला आणि तो घेऊन गावी गेले. पडद्यावर पाहून दिलेली मान्यता मी आता धरत नाही. एक तर इंकस्केपमध्ये रंग पडद्याच्या पद्धतीने ठरतात आणि छपाईच्या चार शाईंत त्यांचे रूपांतर छापखान्यात होते, त्यामुळे चटणीचा तांबडा रंग कागदावर काळपट येऊ शकतो. दुसरे म्हणजे हातात कागद आला की माणूस तो वापरून पाहतो. मावशींनी पॅकिंगच्या तारखेचा रबरी शिक्का आणला आणि नमुन्यावर मारला, तर शाई पसरली. चकचकीत स्टिकरवर ती सुकतच नव्हती. ही गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. आम्ही स्टिकरचा कागद बदलून साधा, शाई शोषणारा घेतला आणि शिक्क्यासाठी २५ मिलिमीटर लांब व ८ मिलिमीटर उंच अशी कोरी जागा ठेवली. मग ताईंनी नोंदणी क्रमांकाचा एकेक आकडा पेनने टिपला, नमुन्यावर सही केली आणि व्हॉट्सॲपवर लिहिले, 'हा मजकूर व मांडणी मान्य आहे, छपाईस पाठवा.' हे वाक्य मी कागदातच देऊन ठेवते, म्हणजे मान्यता 'छान झालंय' अशा अर्धवट शब्दांत येत नाही. उरलेले ३,२५० रुपये जमा झाले आणि मी फाइल दिली.

हिशोब असा: भेट २ तास, मजकूर लावणे ३ तास, मांडणी ६ तास, पहिली फेरी २ तास, दुसरी दीड तास, नमुना आणि छापखाना अडीच तास, एकूण १७ तास. प्रवास आणि नमुन्यांना २५० रुपये गेले. ६,२५० भागिले १७, म्हणजे तासाला सुमारे ३६८ रुपये. या मोजणीमुळे पुढच्या कामाचा दर सांगायला आधार मिळाला. दोन आकारांच्या लेबलाला १७ तास लागतात हे ठाऊक असले, की तिसरा आकार वाढल्यावर किती मागायचे हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

एक मर्यादाही सांगते. आगाऊ रकमेची अट घातल्यावर माझ्याकडे चौकशी करणाऱ्यांपैकी बरेच जण परत फिरले. पहिले तीन महिने कामे कमी झाली आणि ते सोसावे लागले. घरून जेवण-राहणे होत असल्यामुळेच मला ते शक्य झाले. ज्यांना खोलीचे भाडे कामातूनच भरायचे आहे, त्यांनी निम्म्याऐवजी तीस टक्के आगाऊ घेऊन सुरुवात करायला हरकत नाही, पण शून्यावर काम सुरू करू नये.

आता कंपनीच्या कामाविषयी थोडे, कारण तिथे वेगळ्या गोष्टी फसतात. २०२४-२५ या आर्थिक वर्षात शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे उत्पादनांचे माहितीपत्रक मी ४०,००० रुपयांना केले. हाती ३६,००० आले. उरलेल्या ४,००० रुपयांची मूळस्रोतातून करकपात झाली होती. मला ती फसवणूक वाटली, पण तशी ती नव्हती. व्यावसायिक शुल्कावर कंपनीला दहा टक्के कर कापून सरकारकडे भरावा लागतो. त्या वर्षी एकाच व्यक्तीला वर्षभरात ३०,००० रुपयांपेक्षा जास्त दिल्यास हा नियम लागू होत असे आणि १ एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा ५०,००० झाली. तुमचा पॅन दिलेला नसेल तर कपात वीस टक्के होते. हे पैसे बुडत नाहीत. माझ्या वेळी ते २६-एएस या कापलेल्या कराच्या विवरणात माझ्या नावावर दिसले, आणि उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतात. मला ते मिळाले, पण कित्येक महिन्यांनी. तेव्हा कंपनीचे काम घेताना महिन्याचा खर्च ४०,००० वर बेतू नका, ३६,००० वर बेता.

त्याच कामाचा शेवटचा हप्ता बिल दिल्यापासून ७४ दिवसांनी आला. सूक्ष्म व लघु उद्योगांना ठरलेल्या मुदतीत, आणि ती कितीही ठरली तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे मिळावेत असा २००६ च्या कायद्याचा नियम आहे. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही लागते. सेवा देणारी एकटी व्यक्तीही त्यात बसते, पण त्यासाठी उद्यम नोंदणी असावी लागते आणि माझी ती काम करताना नव्हती. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर विनाशुल्क होते, पैसे मागणाऱ्या मध्यस्थांची गरज नसते. आता माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक असतो. व्याजासाठी मी कोणाच्या मागे लागलेले नाही, तशी वेळही आलेली नाही. पण मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही, ही आयकराची तरतूद कंपन्यांच्या लेखापालांना चांगली माहीत असते, आणि तो क्रमांक दिसला की बिल ढिगाऱ्याच्या तळाशी जात नाही, एवढा माझा अनुभव आहे.

फ्रीलान्सिंगची कामे मिळवून देणाऱ्या परदेशी संकेतस्थळांविषयी तुमच्यापैकी अनेकांना उत्सुकता आहे, म्हणून तेही सांगते. चार महिने मी लोगोच्या कामांसाठी तिथे अर्ज केले आणि मला दोन कामे मिळाली. २५ डॉलरच्या कामातून संकेतस्थळाचे वीस टक्के गेले, म्हणजे २० डॉलर उरले. तेही काम पूर्ण झाल्यावर दोन आठवडे अडकून राहिले आणि रुपयांत येताना आणखी थोडे घटले. तिथे माझ्यात आणि इतर हजारो जणांत फरक करण्यासारखे ग्राहकाला काहीच दिसत नव्हते. कोल्हापुरात तो फरक होता: मला मराठी जोडाक्षरे तपासता येतात, छापखान्यात जाऊन नमुना काढता येतो आणि राधानगरीच्या एसटीत बसून तो ग्राहकाच्या हातात देता येतो. संकेतस्थळे कोड लिहिणाऱ्यांना उपयोगी पडत असतील, त्याविषयी आपल्यातल्या त्या विषयाच्या विद्यार्थ्यांनी बोलावे.

परीक्षांच्या बाबतीत मी एकदाच चुकले. सत्र परीक्षेच्या दहा दिवस आधी दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यांचे काम घेतले आणि पाचव्या दिवशी आगाऊ रक्कम परत करून ते सोडले. दिवाळीच्या तोंडावर त्या दुकानदारांना दुसरे कोणी मिळाले नाही. ही गोष्ट मला अजून लागते. तेव्हापासून कामाच्या कागदावर माझ्या परीक्षेच्या तारखा छापलेल्या असतात.

लोगोचे काम मात्र मला अजून नीट मोजता आलेले नाही. लेबलात काय काय असणार हे आधी लिहिता येते. लोगोत ग्राहकाला काय हवे आहे हे बहुतेक वेळा चौथे रेखाटन पाहिल्यावरच त्याला कळते, आणि दोन फेऱ्यांची अट तिथे जाचक ठरते. सध्या मी तीन पेन्सिल रेखाटनांचे वेगळे १,२०० रुपये घेते. त्यातले एक निवडले गेले तरच पुढचे काम, आणि एकही न आवडल्यास तिथेच थांबायची दोघांनाही मोकळीक. निवडलेल्या लोगोचे हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावर सही केलेल्या चिठ्ठीने ग्राहकाला देते, कारण कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरित करायला लेखी कागद लागतो आणि पैसे बुडवू पाहणाऱ्याच्या बाबतीत तीच एक पकड हातात राहते. या पद्धतीने घेतलेल्या शेवटच्या पाच लोगोंपैकी तीन ठरलेल्या वेळेत झाले आणि दोन दुपटीच्या पुढे गेले. त्या दोघांत काय वेगळे होते, ते मी अजून शोधते आहे. तुमच्यापैकी कोणी लोगोची कामे करत असेल आणि तासांची नोंद ठेवत असेल, तर मला ती पाहायला आवडेल.